चाळीसला सहा कमी

आमच्या निशिगंध महिला बचत गटाचं इतिवृत्त मी लिहिते. गटात तेरा बायका आहेत. त्यांतल्या सहाजणी सही करतात, बाकीच्या अंगठा. मी गटात नाही, कारण मी चौदा वर्षांची आहे, पण माझ्याशिवाय सभा सुरू होत नाही. हे मी बढाई मारायला सांगत नाहीये. (थोडी मारतेय.) सहावीत असताना मी वर्गात उभी राहिले की घशातून शब्द निघायचा नाही. यंदा नववीत मी वक्तृत्वात दुसरी आले, तेव्हापासून आई म्हणते, हिचा नळ कुणीतरी बंद करा.

आमची वस्ती नाशिकजवळ, गिरणाऱ्याच्या रस्त्याला, पाटाच्या पलीकडे, मळ्यात. गाव तीन किलोमीटरवर. सगळ्यांची फुलं आणि भाजीपाला. पहाटे चारला बायका फुलं तोडायला वावरात, सहाला गोटीरामकाकांचा टेम्पो फुलबाजाराला, आणि मग दुपारी तीनला कुठे बायकांना बसायला मिळतं. म्हणून आमची सभा दुपारी तीनला. जागा कुसामावशींच्या घरापुढचा पत्र्याचा मांडव, जिथे एरवी झेंडूच्या जाळ्या भरतात.

कुसामावशी गटाच्या अध्यक्ष. सगळ्यांत जास्त जमीन त्यांची, सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच.

त्या एप्रिलमध्ये सगळं सुरू झालं ते गोटीरामकाकांमुळे. मार्चमध्ये मुंबईला राज्याचं बजेट झालं. त्यात महिला आणि बालकांसाठी इतके इतके कोटी ठेवले, अशी पेपरात चौकट आली. काकांनी टेम्पोत बसून ती वाचली आणि वस्तीवर येऊन जाहीर केलं, "गटागटाला पैसे आलेत. पंचवीस-पंचवीस हजार. जो आधी जाईल त्याला."

झालं! दुसऱ्या दिवशी बायकांनी पिठाची गिरणी घेऊनसुद्धा टाकली. म्हणजे बोलण्यात. ती कुणाच्या पडवीत बसवायची यावरून दोघी रुसल्याही.

महिला आर्थिक विकास महामंडळाच्या वत्सलाताई आमच्या गटाच्या सहयोगिनी, म्हणजे गटाचं काम बघणाऱ्या. महिन्याला एकदा येतात. ही गडबड ऐकून त्यांनी बजेटच्या पुस्तकातल्या महिला व बाल विकास विभागाच्या तीन पानांची झेरॉक्स माझ्याकडे पाठवली. समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. सभेच्या दिवशी त्यांना मनमाडला प्रशिक्षणाला जायचं होतं. फोनवर म्हणाल्या, "दिशा, तू सांग त्यांना. घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणे! मी तर शाळेतला मोडका फळा मागून आणला.

सभेला सगळ्या आल्या. शुभांगी काकू आल्या आणि त्यांच्या मागे त्यांची आरोही, कमरेवर समर्थला घेऊन. ह्या दोघांबद्दल आत्ताच सांगायला हवं. शुभांगी काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. आरोही दहा वर्षांची, चौथीतली. समर्थ साडेतीन वर्षांचा. आमच्या वस्तीवर उघड्या विहिरी पाच आहेत. दिवाळीत समर्थ एका विहिरीच्या काठावर पोटावर पडून आत खडे टाकताना सापडला. त्या दिवसापासून आरोहीची शाळा बंद. काका सातपूरला कंपनीत पाळीवर, काकू वावरात, मग पोराला बघणार कोण? गुरुजींनी वार्षिक परीक्षेला तिला बसवलं, कशीबशी पास केलं आणि काकूंना सांगितलं, "जूनमध्ये पहिल्या दिवसापासून आली तर पाचवीच्या पटावर नाव ठेवतो. नाहीतर काढावं लागेल."

काकू हे कुणाशी बोलत नव्हत्या. पण मला ठाऊक होतं की त्या रोज रात्री तोच हिशेब करतात.

तर मी फळ्यावर बजेटमधल्या बालविकासाच्या ओळीचा आकडा लिहिला. सात आकडी. "ही सगळ्यांत मोठी ओळ," मी वक्तृत्वातल्यासारखा हात करून म्हटलं. "अंगणवाडीची! आता वत्सलाताईंनी लिहिलंय की राज्यात सहा वर्षांखालची मुलं इतकी. ह्याला त्याने भागू." आणि मी भागाकार केला. दणक्यात. खडू मोडेपर्यंत.

उत्तर आलं, एका मुलाला वर्षाला एक रुपयासुद्धा नाही.

मांडवात एकदम कालवा झाला.

"रुपया? वर्साला?"

"अगं, एवढ्यात तर गोळीबी येत नाय आता!"

"मंग कोटी कोटी काय म्हनत होता तो गोटीराम?"

फुला आजी, ज्यांना दात नाहीत पण बोलायला काही अडत नाही, त्या म्हणाल्या, "रुपयात पोर वाढवत्यात व्हय मुंबईवाले! बोलवा तेला हितं, म्या देते दोन रुपये."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा सरकारला नावं ठेवत रंगात आले होते. तेवढ्यात शुभांगी काकूंनी ती झेरॉक्स ओढून घेतली. काकू आठवी पास. वाचायची सवय मोडलेली, म्हणून ओळीखाली बोट धरून वाचतात. पानाच्या वरच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"दिशे, हितं बारीक काय लिहिलंय? कंसात."

मी वाचलं. *आकडे हजार रुपयांत.*

म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे तीन शून्यं. मग मी गपचूप फळ्यावर तीन शून्यं वाढवली आणि म्हटलं, "वर्षाला रुपया नाही, सातशेच्या वर आहेत. माफ करा." पुन्हा हसल्या. पण या वेळी मला.

"असू दे गं," फुला आजी म्हणाल्या. "सरकार लिवतंच असं, की आपल्याला कमी दिसावं."

"आजी, पुस्तक मोठं होतं म्हणून लिहितात तसं."

"मंग पिठाच्या गिरणीची शून्यं कुठं हायती?" कुसामावशींनी मुद्द्यावर आणलं.

मी दुसरं पान घेतलं. बचत गटांसाठीची ओळ होती, पण ती महामंडळाला. प्रशिक्षणाला, बँकेशी गट जोडायला, वत्सलाताईंसारख्यांच्या कामाला. गटांना वाटायला त्यात काही नव्हतं. मी तसं सांगितलं. मांडवातली गिरणी बंद पडली. दोघी उठायलाच लागल्या.

"थांबा की!" मी ओरडले. "आपल्यासाठी काहीच नाही असं कुठे म्हटलं मी?"

मग मी चार रकाने दाखवले. दोन वर्षांपूर्वी खरोखर खर्च झाले ते. गेल्या वर्षी ठरवले ते. गेल्या वर्षीचेच, पण नंतर सुधारून लिहिलेले. आणि यंदा ठरवलेले. एका ओळीवर वत्सलाताईंनी पेन्सिलीने गोल केला होता. तिथे गेल्या वर्षी ठरवलेला आकडा मोठा होता आणि सुधारलेला त्याहून कमी.

"कमी का केला?" काकूंनी विचारलं.

"खर्चच झाला नाही म्हणून. वर्षभरात जिथून मागणी आली तिथे गेला. उरला तो एकतीस मार्चला संपतो, पुढच्या वर्षाला जात नाही. ठरवले म्हणजे मिळाले असं नसतं."

मला वाटलं, माझं सांगणं पुन्हा फसलं. तर फुला आजी मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "पाटाच्या पान्यावानी हाय की गं हे! गंगापूरचं धरन भरलं म्हनून माझ्या मळ्यात पानी येतं व्हय? सात नंबरचा फारम भरला तरच पाळी लागती. नाय भरला तर पानी माझ्या बांधावरून खाली जातं आन् म्या बघत बसते."

"अगदी तसंच, आजी!"

"मंग सरळ बोलायचं ना. रकाने रकाने काय लावलंय."

मी समासातलं वाचून दाखवलं. *ज्या वस्तीवर सहा वर्षांखालची निदान चाळीस मुलं आणि अंगणवाडी नाही, त्यांनी लेखी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. सुप्रीम कोर्टाचा आदेश, डिसेंबर २००६. चाळीसपेक्षा कमी असतील तर अधिकाऱ्यांच्या हातात.* सेविकेचं मानधन, पोरांचा खाऊ, सगळं त्या मोठ्या ओळीतून. काही पैसे दिल्लीचे, काही मुंबईचे, पण येतात ह्याच पुस्तकातून.

शुभांगी काकू आरोहीकडे बघत होत्या. आरोही समर्थच्या मुठीतून खडू सोडवत होती.

"आपल्या वस्तीवर हायेत का चाळीस?" काकू म्हणाल्या.

"चाळीस? वाट बघ, शंभर निघत्याल," कुसामावशी म्हणाल्या. "लिव गं दिशे. यादी कर."

मी दोन दिवस सायकलवरून घराघरांत फिरले. पोरांची नावं विचारणं सोपं नसतं, हे मला तेव्हा कळलं. एकीने म्हटलं, "मोजू नगं बाई, नजर लागती," आणि चारांतली तीनच सांगितली. दुसरीने अंगावरचं पोर सोडून दिलं, "ते कुठं अंगणवाडीत जातंय अजून?" मी तिला समजावलं की सहा महिन्यांपासून खाऊ घरी मिळतो, आणि बाळंतिणीलाही, म्हणून तेही मोजायचं. सगळी धरून, परत जाऊन, नजर काढायला मीठ-मोहऱ्या ओवाळण्याचं वचन देऊन आकडा आला चौतीस.

चाळीसला सहा कमी.

मी यादी घेऊन काकूंच्या ओट्यावर बसले. काकूंनी ती दोनदा मोजली. मग भाकरी थापायला लागल्या. इतक्या जोरात की परातीचा आवाज आमच्या घरापर्यंत गेला असेल.

आरोही माझ्या खांद्यावरून यादी वाचत होती. एकदम म्हणाली, "तायडे, बुधी कुठंय?"

"कोण बुधी?"

"बुधी गं. आणि तिचा भाऊ लखू. आणि रामी, आणि ती बारकी. द्राक्षाच्या बागेमागच्या शेडमधली. मी रोज समर्थला घेऊन तिकडंच असते की."

मी यादीकडे बघितलं. कुसामावशींच्या द्राक्षबागेमागे पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. पेठकडची तीन आदिवासी मजूर कुटुंबं, भागीबाईचं आणि आणखी दोन, तिथे चार वर्षं राहतात. भातलावणीला महिनाभर गावी जातात, बाकी अकरा महिने इथेच. माझी सायकल त्या शेडपुढून चार वेळा गेली होती. दारात पोरं खेळत होती. मी त्यांना "बाजूला व्हा रे" म्हटलं होतं आणि पुढे गेले होते.

आरोहीने बोटांवर मोजली. "सात."

चौतीस आणि सात, एक्केचाळीस. मी उडीच मारली. काकूंचा हात परातीत थांबला, पण त्या हसल्या नाहीत. "कुसाबाई ऐकायच्या नाहीत," म्हणाल्या.

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. गुरुवारी खास सभा भरली. मी एक्केचाळीसचा आकडा सांगताच कुसामावशींनी विचारलं, "कुठून आली सात?"

मी सांगितलं.

"ती आपल्या वस्तीची व्हय? मजूर हायेत ते. आज हितं, उद्या दिंडोरीला."

"चार वर्षं इथेच आहेत, मावशी."

"परवा तूच वाचलंस. आदिवासींची येगळी ओळ हाय त्या पुस्तकात. मंग त्यांचं त्यांना तिकडं मिळतंय. आपल्यात कशाला?"

हे माझ्याच अंगावर आलं. खरंच, तिसऱ्या पानावर आदिवासी उपयोजनेची वेगळी ओळ होती आणि ती मीच हौसेने वाचून दाखवली होती. पण मी काल फोनवर वत्सलाताईंना विचारून ठेवलं होतं. "मावशी, ते पैसे पेठ-सुरगाण्याच्या प्रकल्पांना जातात. पोरं अकरा महिने इथे असल्यावर तिथला खाऊ इथे कसा येईल? अंगणवाडी जात बघून मोजत नाही. जे मूल जिथे राहतं तिथे मोजायचं."

"लय शिकलीस." मावशींनी पदर खोचला. "मी सांगते खरं काय ते. आज कागदावर नाव लागलं की उद्या रेशनकार्ड मागत्याल, परवा जागा. शेड माझं हाय. तुमचं काय जातंय?"

ह्यावर मावशींशी वाद कोण घालणार? अर्ध्या बायकांचे मळे मावशींच्या पाण्यावर, त्यांच्या पाण्याच्या मोटारीवर.

"आन् सहाच कमी हायेत ना? माझ्या सातपूरच्या भाच्यांची पोरं चार. भागीची नको, ती लिव. सुटीत येत्यातच की हितं. दोन अजून कुनाची तरी बघ."

"अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका घरोघर येऊन बघते, मावशी. खोटं निघालं तर सगळी यादीच जाईल."

"मंग राहू दे. तीस-चाळीस वर्सं अंगणवाडीबिगर काय पोरं वाढली नाय का?"

सभा तिथेच संपल्यासारखी झाली. बायका पदर झटकायला लागल्या. काकू खाली मान घालून जाळीचा धागा ओढत होत्या. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि वक्तृत्वातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

पण आमच्या गटात एक नियम आहे. वत्सलाताईंनी घालून दिलेला. सभेत झालं ते लिहायचं, शेवटी मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि वाचल्याशिवाय कुणी अंगठा द्यायचा नाही. एरवी ते वाचन म्हणजे बायकांची चप्पल शोधायची वेळ. मी वही उघडली आणि जे झालं होतं तेच लिहिलं, एक शब्द इकडेतिकडे न करता. मग उभी राहून वाचलं.

"वस्तीवर सहा वर्षांखालील मुले एक्केचाळीस आहेत. पैकी सात मुले मजुरांची असल्यामुळे ती मोजू नयेत, असे अध्यक्षांनी सांगितले. उरलेली मुले चौतीस. चाळीसला सहा कमी असल्यामुळे निशिगंध गट अंगणवाडीची मागणी करणार नाही. वरील ठराव सर्वांना मान्य आहे."

चपला शोधणाऱ्या बायका थांबल्या.

"असं लिव्हलंस?" कुसामावशी म्हणाल्या.

"बोललात ते लिहिलं."

"बोलनं येगळं, लिवनं येगळं! ही वही ती ताई बघती, बँकेचा साहेब बघतो."

"हो. दर तिमाहीला."

मी शाईचा पॅड पुढे केला. पहिली सही नेहमी शुभांगी काकूंची असते, कारण त्या गटाच्या सचिव. काकूंनी पेन हातात घेतलं. मग त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"मी यावर सही नाय करणार."

"का?" मावशींचा आवाज.

"'सर्वांना मान्य' लिव्हलंय. मला मान्य नाय." काकूंचा आवाज आधी बारीक होता, मग मोठा होत गेला. "माझी पोरगी सहा महिने घरी हाय. जूनला नाव कटणार. ती ज्या पोरांसंगं दिवसभर असती ती पोरं मला दिसत नाय असं मी लिहून देऊ? रोज माझ्या समर्थला विहिरीपासून लांब त्या भागीची बुधी पण ओढती. तिला मोजायचं नाय?"

मग फुला आजींनी अंगठ्याला लावलेली शाई पातळाच्या काठाला पुसली. "मलाबी मान्य नाय," म्हणाल्या. "आन् कुसे, तू डोळे वटारू नगंस. पाणी तुझ्या मोटारीचं घेते, अंगठा माझा हाय."

त्यानंतर एकेक जण बोलायला लागली. सगळ्या नाही. दोघी गप्पच राहिल्या आणि एक पोराचं कारण सांगून निघून गेली. पण नऊजणींनी सही द्यायला नकार दिला. नऊ! मी बोटांवर मोजत होते.

कुसामावशी वहीकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, तरी बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "खोड ते."

"इतिवृत्त खोडता येत नाही, मावशी. खाली नवीन ठराव लिहिता येतो."

"सरकारलाबी सुधारून लिवता येतं, मंग आपल्याला नाय का?" फुला आजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मावशींच्या ओठाचा कोपरा हलला.

"लिव," त्या म्हणाल्या. "पन आधी भागीला विचारा. तिच्या पोरांची नावं आपन हितं बसून लावायची, आन् ती म्हनली नगं, तर माझं हसू."

हे मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

काकू आणि मी लगेच शेडवर गेलो. भागीबाई पाण्याची कळशी उतरवत होती. काकूंनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "नाव लिवा. पन मंग बसवा पन. नुसता आकडा भराया आमची पोरां नको."

"बसवू."

"एका ओळीत?"

"एका ओळीत," काकू म्हणाल्या.

भागीबाईने हात पुसले आणि आमच्याबरोबर मांडवात आली. आत न बसता खांबाला टेकून उभी राहिली. कुसामावशींनी तिच्याकडे बघितलं नाही, पण स्वतःच्या बाजूचं पोतं थोडं सरकवलं. भागीबाई बसली. मी सातही नावं तिला विचारून लिहिली, वयासकट. बारकीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. "बारकीच लिव," ती म्हणाली. नवीन ठरावावर बारा अंगठे-सह्या झाल्या, आणि यादीखाली तेरावा अंगठा भागीबाईचा.

जागा म्हणून वस्तीवरच्या मारुतीच्या देवळापुढचं शेड ठरलं. ग्रामसेवकाचा दाखला आरोहीच्या बाबांनी सुटीच्या दिवशी आणला. आणि एकवीस एप्रिलला, सोमवारी, फुलं टेम्पोत चढवून कुसामावशी, शुभांगी काकू आणि मी त्याच टेम्पोत बसून नाशिकला गेलो. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय शोधायला. गोटीरामकाकांनी भाडं घेतलं नाही. मला वाटतं पंचवीस हजारांची भरपाई.

साहेब फिरतीवर होते. टेबलामागचे भाऊ चांगले होते, पण घाईत. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "ठेवून जा. साहेब आले की बघतो."

मी काही बोलणार, तोच कुसामावशी म्हणाल्या, "पोच द्या."

"अहो, आम्ही ठेवतोय ना कागद."

"आडत्याकडं जाळी टाकली तरी पावती घेतो आम्ही. तो तर माझा मावसभाऊ हाय. पोच द्या, तारखेसकट."

त्या भाऊंनी हसून शिक्का काढला. आवक क्रमांक, तारीख, सही. आमच्या प्रतीवर. मावशींनी तो शिक्का सुकेपर्यंत फुंकला.

पर्यवेक्षिका मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आल्या. उन्हातान्हात घरोघर फिरल्या. चौतीस झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "बाकीची?" मी पुढे झाले होते, पण कुसामावशींनी मला मागे सारलं. "बागेमागं चला मॅडम. वाट मी दावते. मोटारीच्या वायरी हायती, बघून पाय टाका."

आता हिशेब असा होता. एकवीस एप्रिलपासून तीन महिने म्हणजे एकवीस जुलै. शाळा उघडणार जूनच्या मधल्या आठवड्यात. मधे पाच आठवडे. अंगणवाडी मिळाली तरी आरोहीचं नाव तोपर्यंत पटावरून गेलेलं असणार. मी जूनच्या सभेत हे फळ्यावर मांडलं, ह्या वेळी एकही शून्य न चुकता.

"मंग पाच आठवडे आपन बसू," शुभांगी काकू म्हणाल्या. "पोरं घेऊन, मारुतीपुढं. सहा दिवस, सहाजणी, दुपारपर्यंत."

"आन् वावर?"

"जिची पाळी तिची फुलं बाकीच्यांनी तोडायची. पहाटे."

कुरकुर झाली. झालीच. पण पाळ्या लागल्या, आणि मी त्या वहीत लिहिल्या. भागीबाईने शनिवार मागून घेतला. भातलावणीला जाईपर्यंतच, असं स्पष्ट सांगून. पहिला सोमवार काकूंचा.

त्या सोमवारी आरोही माझ्या सायकलच्या मागे बसून गावातल्या शाळेकडे निघाली. तिचा फ्रॉक तोकडा झाला होता. पाटाच्या पुलावर तिने मागे वळून पाहिलं. मारुतीपुढे पोती पसरलेली होती, सतरा-अठरा पोरं होती, काकू कुणाचं तरी नाक पुसत होत्या आणि समर्थ बुधीच्या शेजारी बसून रडत होता.

"तायडे, थांब. तो रडतोय."

"रडू दे. काकू आहेत."

"तू नीट बघितलंस?"

"बघितलं. तू पाचचा पाढा म्हण. गुरुजी विचारणार."

तिने पाठ फिरवली आणि पाढा सुरू केला. पाच सत्तेला अडखळली, मग स्वतःच सुधारून पुढे गेली.